नंदाने सायलीला लिहिलेली चार पानं

लोधिवलीला राहायला आल्यापासून मला एक धड ब्लाऊज मिळालेला नाही. इथला टेलर माप घेतो, मान डोलावतो आणि जो ब्लाऊज हातात ठेवतो त्यात माझा हात खांद्याच्या वर जात नाही. मागच्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, "अहो, मला फळीवरचा डबा काढावा लागतो, बसमधला दांडा धरावा लागतो." तो म्हणाला, "मॅडम, फिटिंग म्हटलं की एवढं होणारच." मी ब्लाऊज पिशवीत कोंबला आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात नंदाची आठवण काढत राहिले. आठवण काढता काढता तिच्यावर चिडलेही. नंदाच्या बाबतीत ही दोन कामं मला कधीच वेगळी करता आली नाहीत.

नंदाचं दुकान कर्जतजवळ कशेळ्याला, जीप थांबतात त्या जागेच्या अगदी समोर. दुकान म्हणजे पत्र्याखालची एक खोली, एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीला टांगलेले कागदी नमुने. मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त होईपर्यंत माझे सगळे ब्लाऊज तिनेच शिवले. तिचा नवरा खोपोलीकडे कारखान्यात शिफ्टला, गावाकडे थोडी भातशेती, आणि एकुलती एक मुलगी सायली. सायली पाचवी ते दहावी माझ्या वर्गात होती. म्हणून नंदाची मी आधी 'सायलीच्या बाई' होते, गिऱ्हाईक नंतर.

पहिल्यांदा गेले तेव्हा तिने टेप गळ्यातून काढायच्या आधी मला तीन प्रश्न विचारले. "बाई, तुमी शाळेत येता कशा? फळ्यावर लिहिताना हात किती वर जातो? आणि घरी धुणं बाईला देता का स्वतः धुता?" मी वैतागले. मला ब्लाऊज शिवायचा होता, मुलाखत द्यायची नव्हती. पण चार दिवसांनी ब्लाऊज मिळाला, काखेत अंगठाभर जादा सैल. जीपमध्ये वरचा दांडा धरून मी कर्जतपर्यंत गेले तरी कुठे ओढलं नाही, वर गेलं नाही. तेव्हा कळलं की ही बाई अंगाचं माप थोडं घेते आणि दिवसभराचं जास्त.

तिचं सगळं असंच होतं. शिवायच्या आधी कपडा कुठे घालणार, किती वेळ घालणार आणि वाळणार कुठे, हे तिला कळलं पाहिजे. लग्नाला मागून खोल गळ्याचा ब्लाऊज हवा म्हणून आलेल्या एका मुलीला तिने पाऊण तास बसवून ठेवलं. लग्नात किती वेळ वाकायचं आहे, पंगतीत वाढायचं आहे का, टेंपोत मागे बसून यायचं आहे का, सगळं विचारलं. शेवटी ती मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही गळा कापा ना." नंदा म्हणाली, "कापते गं. पन मग तू वाढायला वाकू नको." मुलगी रडवेली होऊन गेली. परत आली नाही. नंदाला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. दुकानदाराने गिऱ्हाइकाशी असं वागायचं नसतं, हे मी तिला सांगितलं. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "मी खोटं शिवत नाय, बाई."

शाळेचे गणवेश तिच्याकडे आले त्या वर्षी तिने मुलींच्या प्रत्येक कुर्त्याला उजव्या शिवणीत एक खिसा शिवला. कुणी सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी तिला बोलावून विचारलं, गणवेशाच्या नमुन्यात खिसा नाही, मग हा आला कुठून? नंदा हात बांधून उभी. म्हणाली, "सर, पोरगी शाळेतल्या शाळेत बाथरूमला जाते, तेव्हा हातात काय घेऊन जाते ते सगळी पोरं बघतात. खिशात गेलं म्हणजे कुणी बघत नाय." सरांचे कान लाल झाले. खिसा राहिला. पुढे कायमचा राहिला.

मला ती आवडायची ती याच्यासाठी. आणि राग यायचा तोही याच्यासाठीच, कारण एकदा तिचं ठरलं की ते ठरलं. समोरच्याला काही वेगळं म्हणायचं असेल ही शक्यताच तिच्या हिशेबात नसायची. या सगळ्याचा मारा सगळ्यात जास्त कुणावर होत असेल तर सायलीवर.

सायली आईसारखीच होती, म्हणजे ऐकणारी नव्हती. बारावी झाली, परीक्षा चांगली गेली आणि विदर्भात, अकोल्याला शेतकीच्या कॉलेजात तिचा नंबर लागण्याची चिन्हं दिसू लागली. तेव्हा तिने मैत्रिणीबरोबर कर्जतला जाऊन एक जीन्स आणली. हॉस्टेलात सगळ्या जीन्स घालतात म्हणून. नंदाने काही भांडण केलं नाही. तिने जीन्स बादलीत बुडवली, पिळली आणि दुकानाच्या पत्र्याखालच्या दोरीवर टांगली. शेजारी स्वतःची पातळ पॉलिएस्टर क्रेपची सलवार टांगली. बाहेर जुलैचा पाऊस. आमच्याकडे जुलै म्हणजे भिंतींनाही बुरशी धरते. सलवार दुपारपर्यंत कोरडी झाली. जीन्स चौथ्या दिवशीही कमरेला आणि खिशांना ओली होती, आणि पाचव्या दिवशी तिला वास यायला लागला. मग नंदाने ती जीन्स दुकानात येणाऱ्या प्रत्येकीच्या नाकाशी धरली. "वास घ्या, वास घ्या. ही घालून माझी पोरगी कॉलेजात जाणार हाय." माझ्याही नाकाशी आली. तेवढ्यात सायली दारात आली. तिने आईच्या हातातून जीन्स ओढून घेतली आणि म्हणाली, "तू माझी लाज काढतेस."

"मी लाज राखते गं," नंदा म्हणाली.

त्यानंतर दोघींमध्ये कपड्यांचा विषय निघाला की सायली कानात इयरफोन घालायची. नंदा मशीनवर बसून बोलत राहायची, सायली शेजारी बसून काज-बटणं करत राहायची आणि एक शब्द तिच्यापर्यंत पोचायचा नाही. मी मधे पडायचा प्रयत्न केला तर नंदा म्हणायची, "बाई, तुमी सांगा तिला. माझं आयकत नाय, तुमचं तरी आयकंल." आणि सायली म्हणायची, "बाई, तुम्ही आईला सांगा, मी लहान नाही." दोघींचं दोघींना सांगून मी थकले. मला कधी कधी वाटायचं, दोघींना एका खोलीत कोंडावं आणि बाहेरून कडी लावून आपण आपलं घरी जावं.

प्रवेश पक्का झाला आणि आठ दिवसांनी नंदा शाळेत आली. मधली सुट्टी होती. हातात माप लिहायच्या वहीतून फाडलेली चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. म्हणाली, "बाई, हे बघा. शुद्ध करून द्या. तोंडानं सांगितलं तर आयकत नाय, म्हनून लिवलंय. बॅगेत वरच ठेवनार हाय. गाडीत बसली की वाचंल."

मी लाल पेन काढलं. ते पत्र माझ्या अजून लक्षात आहे, कारण मी ते दोनदा वाचलं होतं. एकदा ऱ्हस्वदीर्घ सुधारायला आणि एकदा नुसतंच.

"चि. सायलीस अनेक आशीर्वाद," अशी सुरुवात होती. "सहा जोड दिले आहेत. चार रोजचे, एक शेतावरच्या प्रॅक्टिकलचा, एक चांगला. याहून जास्त लागत नाहीत. हॉस्टेलात दोरी सगळ्यांची असते, तुझ्या वाट्याला हातभर येईल. हातभर दोरीवर वाळतील तेवढेच कपडे असावेत. रोज संध्याकाळी एक जोड धुवायचा, रविवारवर ढकलायचं नाही. रविवारी नळाला गर्दी असते.

"सगळे क्रेपचे आहेत. कॉटन एकही दिलेलं नाही, शोधू नकोस. कॉटन पाणी पितं, जड होतं, वाळत नाही. अर्धवट ओलं अंगावर चढवलं की मांड्या आणि काखा सोलवटतात, मग कुणाला सांगताही येत नाही. फक्त आतले कपडे सुती दिले आहेत, आठ जोड. ते टॉवेलखाली झाकून वाळत घालू नकोस. लाज वाटली तर दोरीच्या भिंतीकडच्या बाजूला घाल, पण उघडे घाल.

"पाळीच्या दिवसांसाठी दोन काळ्या सलवारी वेगळ्या बांधल्या आहेत. त्यांना आतून दुहेरी कापड लावलं आहे. डाग पडलाच तर गार पाण्यात भिजव. गरम पाण्याने डाग पक्का होतो.

"सलवारीला मागे इलॅस्टिक आहे, पुढे नाडी. नुसतं इलॅस्टिक महिन्याभरात ढिलं पडतं आणि नुसत्या नाडीची घाईच्या वेळी गाठ बसते. रात्रीचा गाऊन पुढून बटणांचा शिवला आहे. बाथरूमला खिळा एकच असतो. डोक्यावरून घालायचा कपडा घालताना खालच्या ओल्या फरशीला लागतो. टॉवेल जाड दिलेला नाही, पंचे दिले आहेत.

"शेतावर जाताना पूर्ण बाहीचा कुर्ता घाल, ओढणी खोलीवर ठेव. प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीत पिवळ्या दोऱ्याचे दोन टाके आहेत. कपडा कुणी उचलला तर भांडू नकोस, शिवण उलटी करून दाखव. बाजूला दीड इंच माया ठेवली आहे. जाड झालीस तर उसवून सैल करून घे. बारीक झालीस तर घरी ये, मी बघते.

"कुणाचे कपडे घालू नकोस, कुणाला आपले देऊ नकोस. तिकडे नवीन काही घेऊ नकोस. मी सगळ्याचा विचार करून दिलं आहे, त्यातच भागव."

मी सगळे ऱ्हस्वदीर्घ नीट केले. 'हॉस्टेल' तिने तीन प्रकारे लिहिलं होतं, ते एकसारखं केलं. मग म्हटलं, "नंदा, पत्र छान आहे, पण यात नुसते कपडेच आहेत. शेवटी दोन ओळी लिही. आठवण येईल, जपून राहा, असं काहीतरी."

"जागा कुठं हाय, बाई?" ती म्हणाली. खरंच नव्हती. चौथं पान खालपर्यंत भरलं होतं, आणि नंदा पाचवं फाडणाऱ्यातली नव्हती.

आता मी माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. मी तीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी नववीच्या वर्गात नकाशावर काठी ठेवून सांगितलं की सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस कमी होत जातो, विदर्भात उन्हाळा कडक, जमीन काळी, पीक कापूस. काठी नेमकी अकोल्यावर ठेवून सांगितलं. आणि अकोल्याला निघालेल्या मुलीला तिची आई लिहिते आहे की कॉटन वाळत नाही, म्हणून सगळे क्रेपचे दिले आहेत, आणि मी वाचते आहे आणि वेलांट्या मोजते आहे. बाहेर शाळेच्या कौलांवर पाऊस कोसळत होता. जग सगळं असंच भिजलेलं आहे असं आम्हा दोघींनाही वाटत होतं. नंदा घाटाच्या वर कधी गेली नव्हती, तिचं मी समजू शकते. माझं मला अजून समजत नाही.

ऑगस्टच्या शेवटी सायली गेली. वडील पोचवायला गेले, नंदा नाही गेली. शाळेच्या गणवेशांची घाई होती म्हणाली. त्यानंतर महिनाभर ती भलतीच खूश होती. रोज सकाळी फोन करायची आणि एकच विचारायची, "कपडे वाळतात ना गं?" सायली म्हणायची, "वाळतात. दहा मिनिटांत वाळतात." फोन ठेवून नंदा दुकानातल्या सगळ्यांना ऐकवायची, "आयकलं का? दहा मिनिटांत! क्रेप हाय ते." मीही मान डोलावली असेल. दहा मिनिटांत कपडे वाळवणारं ऊन अंगाचं काय करत असेल, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

नवरात्राच्या आदल्या दिवशी सायली न सांगता घरी आली. मी दुपारी जीपची वाट बघत दुकानाच्या पायरीवर बसले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. ती जीपमधून उतरली तीच हात अंगापासून लांब धरून. नंदाने तिला आत नेलं, पडदा ओढला. थोड्या वेळाने पडद्यामागून नंदाचा आवाज आला, "आई गं."

गावातल्या डॉक्टरांनी बघितलं. काखा, मान, कंबर, मांड्या, सगळीकडे आधी घामोळं, मग खाजवून झालेल्या जखमा, त्यात नायटा. त्यांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि सायलीच्या कुर्त्याचं टोक चिमटीत धरून विचारलं, "हे प्लास्टिक कुणी घातलंय हिला? त्या उन्हात?" नंदा शेजारी उभी होती. 

परत दुकानात येऊन सायलीने बॅग कापायच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मी परत जाणार नाही."

मग एकेक बाहेर आलं. सकाळी सातला कॉलेजच्या शेतातल्या प्लॉटवर जायचं, दहापर्यंत कुर्ता अंगाला चिकटायचा, बारापर्यंत पाठीवर पांढरे डाग उमटायचे. वर्गात घामाचा वास यायचा. शेजारची मुलगी एक दिवस काही न बोलता दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मागची. खोलीतली मैत्रीण चांगली होती, तिने स्वतःचे दोन कॉटनचे कुर्ते काढून दिले होते. सायलीने घेतले नाहीत.

"का नाय घेतलेस गं?" नंदा ओरडलीच. "मेलीस का? बाजार नव्हता तिथं? एक कॉटनचा कुर्ता घेता येत नव्हता? जलमभर माझं काही आयकलं नाहीस!"

"ऐकलं ना!" सायली म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "पहिल्यांदाच ऐकलं. तू लिहिलं होतंस कुणाचं घालू नको, नवीन घेऊ नको. मी गाडीत वाचलं. तू पहिल्यांदा मला न ओरडता काही सांगितलं होतंस, आई. मी ठरवलं की हे सगळं पाळायचं."

मी पायरीवरून उठले. अशा वेळी परक्या माणसाने निघून जायचं असतं, पण मी गेले नाही. त्या पानांवर माझं लाल पेन होतं.

नंदा मशीनच्या स्टुलावर बसली. ती इतकी वर्षं त्या स्टुलावर बसलेली मी बघितली होती, पण हात रिकामे ठेवून बसलेली कधी नाही. मला वाटलं, आता ही रडेल किंवा पोरीला जवळ घेईल. तिने दोन्ही केलं नाही. ती जमिनीकडे बघत बोलायला लागली.

"मी अलिबागला गेलेली. नर्सिंगला. तुला ठाव नाय. तुज्या बापालाबी नीट ठाव नाय. बारावीत माझे मार्क चांगले होते. तुज्या आजीनं तीन जोड शिवून दिले, जाड कॉटनचे, टिकतील म्हनून. जुलैत गेले. एक दिवस वाळले नाय. ओलेच घालायचे. मांड्या अशा सोलल्या का चालता येईना. कुणाला सांगायचं? एक दिवस पांढऱ्या ड्रेसवर डाग पडला, मागून सगळ्या पोरी हसल्या. चौथ्या आठवड्यात शनिवारी घरी आले आन् आईला म्हनले, मी जात नाय. आई म्हनली, बरं. नको जाऊ." ती थांबली. "येवढंच म्हनली. वरसाच्या आत लग्न लावलं."

  त्या चार पानांत ज्या दोन ओळी नाहीत म्हणून मी कुरकुरले होते, त्या ओळी ह्या होत्या. कॉटनबद्दल ती जे लिहीत होती ते सगळं अलिबागचं होतं. स्वतःच्या अंगावरून गेलेलं तिने पोरीच्या अंगावरून जाऊ दिलं नाही, आणि त्या नादात पोरगी कुठे निघाली आहे ते बघितलंच नाही.

"मला परत जा म्हनायला कुणी नव्हतं," नंदा म्हणाली. "मी म्हनते. माझं चुकलं. सगळं चुकलं. पन तू जायचं. कपड्यापायी घरी बसायचं नाय."

"त्या सगळ्या माझ्याकडे बघतात, आई."

"बघू दे. बरं वाटलं का जा."

सायली नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नाहीच म्हणाली. ती मलम लावून घरात पडून राहिली आणि नंदा दुकानात येऊन नुसती बसायची. मला तिची चीड आली होती आणि माझी त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी नंदा शाळेत आली आणि भूगोलाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "बाई, तिकडं ऊन कसं असतं ते मला सांगा. सगळं सांगा. थंडी कधी पडते, तेबी." मी नकाशा उलगडला. नंदा पहिल्या बाकावर बसली आणि मी तिला नववीचा तो धडा शिकवला. ऑक्टोबरात उकाडा, डिसेंबरात सकाळी कडाक्याची थंडी, मार्चपासून पुन्हा ऊन. ती वहीत लिहून घेत होती. मधेच तिने विचारलं, "तिकडं पिकतं काय?" मी म्हटलं, "कापूस." ती किती तरी वेळ नकाशाकडे बघत राहिली.

त्याच दिवशी ती कर्जतला जाऊन कॉटन घेऊन आली. पातळ, धुवट रंगांचं. सगळं एक दिवस पाण्यात भिजत घातलं, सावलीत वाळवलं, कारण कॉटन आधी आटवून घेतलं नाही तर शिवल्यावर दोन धुण्यांत आखडतं. पण कापायला घेतलं तेव्हा कात्री हातात धरून ती थांबली. घरून सायलीला बोलावलं. सायली आली, दारात उभी राहिली. नंदा म्हणाली, "सांग."

"काय सांगू?"

"काय लागतं ते. मला तिकडचं कळत नाय. तू राहिलीस तिथं. तू सांग, मी शिवते."

सायलीने आत येऊन कापड बोटांत धरून बघितलं, परत सोडलं. मला वाटलं, हे काही जमायचं नाही. मग ती म्हणाली, "जायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही."

"बरं. नको ठरवू. नुसतं सांग."

मग हळूहळू सायली बोलायला लागली. बाही पूर्ण हवी पण सैल, मनगटाशी बटण, म्हणजे प्लॉटवर ऊनही लागत नाही आणि वर दुमडताही येते. सलवार नको, सरळ पायजमा हवा. गळा थोडा मोठा. रंग फिके, कारण गडद कपड्यात जास्त तापतं आणि फिक्यावर घामाचे पांढरे डाग उठून दिसत नाहीत. काळ्या सलवारी तशाच राहू देत. पंचे चांगले आहेत. नाडी आणि इलॅस्टिकचंही चांगलं आहे. आणि गाऊनच्या बटणांचं आईचं अगदी बरोबर होतं, बाथरूमला खिळा एकच आहे. हे ऐकून नंदाचा चेहरा क्षणभर उजळला. प्रत्येक गोष्टीला नुसती मान हलवत होती. गळा मोठा हवा म्हटल्यावर तिच्या कपाळावर आठी आलेली मी पाहिली. तरी खडूने तिने गळा मोठा आखला. शेवटच्या कुर्त्याच्या वेळी सायली खाली बसून काज-बटणं करायला लागली होती. कानात काही नव्हतं.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी सायली परत निघाली. कर्जतला जाणारी जीप समोर उभी होती. तिच्या अंगावर फिका पिवळा कुर्ता होता, अंगावरचे डाग अजून पूर्ण गेले नव्हते. तिने बॅग टपावर चढवली, आत खिडकीशी बसली. नंदा खाली उभी. जीप भरायला वेळ लागला. सायली वाट बघत होती, आई काहीतरी सांगेल म्हणून. शेवटी तीच म्हणाली, "आई, काही सांगायचं नाही?"

"नाय," नंदा म्हणाली.

जीप गेली. वळणावर दिसेनाशी झाली तशी नंदा माझ्याकडे वळली आणि एका दमात बोलायला लागली. खिडकीशी बसली हाय, ओढणी बाहेर उडत होती, चाकात जायची. कुर्ता चुरगळला, इस्त्रीवर टाकायचा राहिला. कॉटन उलटं करून वाळत घाल म्हनायचं होतं, रंग उडतो. थंडीला आतून घालायला काही दिलेलंच नाय. मी ऐकत राहिले. ती थांबली तेव्हा म्हटलं, "अगं, मग ती विचारत होती तेव्हा बोलली का नाहीस?"

नंदाने पदराने तोंड पुसलं.

"आता ती आयकते, बाई," ती म्हणाली. "म्हनून भीती वाटते."